उधार, चूकववुं, पाघडी: गुजराती वहीतले शब्द मराठीत वाचताना अर्थ कुठे सरकतो?

वाशीकरीण

नमस्कार मंडळी. आमचं वाशीला पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. पुठ्ठ्याचे खोके, टेप, पिशव्या, असला माल. माझे सासरे आणि एक गुजराती गृहस्थ यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ते उभं केलं. त्या गृहस्थांना आम्ही सगळे भाई म्हणतो. दुकानाचा गाळा दोघांच्या मालकीचा आहे, गोडाऊन तेवढं भाड्याचं. वय झाल्यामुळे भाई आता भागीदारीतून बाहेर पडतायत आणि वह्या माझ्या हाती आल्यात. अकरावी-बारावीला मी मराठी माध्यमातून पुस्तपालन शिकले आहे, त्यामुळे नावे-जमा मला नवीन नाही. भाई मात्र सगळं गुजरातीत लिहितात. महिनाभर बसून मी ती लिपी शिकले. अक्षरं लागली, आणि शब्द तर बहुतेक ओळखीचेच निघाले. फसले ती तिथेच.

रोजमेळाचं एक पान मराठी अक्षरांत उतरवते.

डावीकडे जमा: कालची शिल्लक ४,२००, रोकडा वेचाण १८,६००, एका गिऱ्हाइकाच्या नावाने ७,५००. एकूण ३०,३००.

उजवीकडे उधार: भाडा खर्च खाते ९,०००, टेम्पो खर्च खाते १,१५०, चहा-पाणी २४०, बँक खाते १५,०००. एकूण २५,३९०. खाली सिलक ४,९१०.

मी वाचलं ते असं: भाडं उधार, म्हणजे द्यायचं राहिलंय. टेम्पोवाल्याचे राहिलेत. आणि बँकेकडून पंधरा हजार उधार घेतलेत. असं एकेक पान बघत देण्यांची मोठी यादी केली. गोडाऊनच्या मालकांना फोन करून म्हटलं, या महिन्याचं भाडं राहिलंय, दोन दिवसांत पाठवते. ते म्हणाले, "अहो, भाईंनी पाच तारखेलाच दिलंय." मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट. भाईंचा मुलगा आमच्याशी मराठीत बोलतो. तो म्हणाला, "भाभी, काळजी करू नका, पप्पांनी तिन्ही वर्षांचा टॅक्स चुकवलाय." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फायली उघडल्या तर तिन्ही वर्षांची भरलेली चलनं नीट लावलेली.

तिसरी अजून सुटलेली नाही. भाईंनी हिशेबाची जी चिठ्ठी दिली आहे, तीत एक ओळ आहे: "पाघडी २,४०,०००". गाळा आपला, मग पागडी कसली? ह्यांचे काका म्हणतात, ते वरचे रोख पैसे मागतायत. भाईंना आम्ही इतकी वर्षं ओळखतो, मला ते पटत नाही. पण विचारायचं कसं, तेही कळत नाही.

असे आणखी कुठले शब्द आहेत, जे बाजारात आपण सर्रास वापरतो आणि गुजरातीत त्यांचा अर्थ थोडा बाजूला असतो? जाणकारांनी सांगावं.

गिरगावकर

ताई, काका बरोबर सांगतायत. मुंबईत पागडी म्हणजे पागडीच. ती चेकने कोणी देत-घेत नाही. सावध राहा.

उधारचं म्हणाल तर तो शब्द मुळातच गुजराती, आपण त्यांच्याकडून घेतला, म्हणून अर्थ सरकला. आणि त्यांची वहीच उलटी असते. इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडे असतं, ते जमा डावीकडे लिहितात. सगळी पानं आरशात धरून वाचायची म्हणजे लागतात.

तेरीज

मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढ्यांवर माझी तीसेक वर्षं हिशेब लिहिण्यात गेली. शिक्षण मराठीत आणि हाताखाली घेणारे मेहताजी गुजराती, त्यामुळे हे घोळ मी स्वतः घातलेले आहेत.

गिरगावकर, वही उलटी नाही. आपल्या जुन्या मराठी रोजकीर्दीतही जमा डावीकडे आणि नावे उजवीकडेच असे. पैसे आले की डावीकडे, गेले की उजवीकडे, हे देशी वहीतही तसंच आणि इंग्रजी कॅशबुकातही तसंच. बदलतं ते बाजूचं नाव. इंग्रजी कॅशबुक हे रोकडीचं स्वतःचं खातं असतं. रोकड वाढली म्हणून डावी बाजू डेबिट. देशी रोजमेळ समोरच्याच्या खात्याकडे तोंड करून लिहिलेला असतो. गिऱ्हाइकाने साडेसात हजार दिले, ते त्याच्या खात्यात जमा झाले, म्हणून डावी बाजू जमा. आकडे त्याच जागी राहतात, फक्त कुणाच्या खात्यातून बघायचं ते बदलतं.

आता उधार. गुजराती हिशेबात उधार म्हणजे आपलं नावे. "भाडा खर्च खाते उधार ९,०००" याचं सरळ मराठी "भाड्याच्या नावे टाकले ९,०००". पैसे दिले की नाही दिले, यातलं काही तो शब्द सांगत नाही. त्यांच्याकडे क्रियापदही आहे, उधारवुं. मेहताजी मला म्हणायचे, "आ रकम टेम्पोना खाते उधारी दे." मी पहिल्या आठवड्यात टेम्पोवाल्याच्या नावाने देणं लिहून ठेवलं होतं.

वाशीकरीणताई, तुमच्या पानातच याचा पुरावा आहे. आलेले ३०,३०० वजा गेलेले २५,३९०, राहिले ४,९१०. तेवढीच सिलक भाईंनी लिहिली आहे. भाडं खरंच राहिलं असतं तर त्या संध्याकाळी गल्ल्यात १३,९१० निघाले असते. गल्ल्यातली रोकड जुळतेय, म्हणजे भाडं दिलेलं आहे. बँकेचंही तसंच. पंधरा हजार गल्ल्यातून गेले आणि बँकेत भरले गेले, म्हणून बँकेच्या नावे. पासबुक काढून त्या तारखेला बघा, तिथे तेच पंधरा हजार जमा दिसतील, कारण ती बँकेची वही आहे आणि तिच्यात तुमचं खातं आहे.

आता खरी अडचण सांगतो. गुजराती माणूस उधार हा शब्द आपल्या अर्थानेही वापरतो. "उधार वेचाण" म्हणजे उधारीवरची विक्रीच. दुकानात "उधार बंध छे" ही पाटी आपण वाचतो तशीच वाचायची. त्यामुळे आजूबाजूचा शब्द बघावा लागतो. मागे "खाते" असेल तर ते नावे. मालाबद्दल, विक्रीबद्दल असेल तर ती उधारी. माझा हात बसायला दोन-तीन महिने लागले.

शब्द गुजरातीतून आला हेही मला पटत नाही. उधार हा संस्कृत उद्धारवरून आलेला, हिंदीत आहे, गुजरातीत आहे, मराठीत आहे. ज्याला त्याला आपापल्या घरातून मिळालाय. त्यांनी तो वहीच्या बाजूला लावला, आपण तिथे नावे ठेवलं.

सांगलीची हळद

छान धागा. माझ्याकडचा अनुभव हिशेबाचा नाही, पण बाजाराचा आहे.

वडिलांबरोबर हळदीच्या खरेदीदाराशी बोलणं चाललं होतं. गुजराती गृहस्थ, मराठी कळायचं, पण बोलताना घसरायचे गुजरातीवर. म्हणाले, "आ वखते खोट छे." वडिलांचा चेहरा उतरला. शब्दही न बोलता त्यांनी पोतं सोडलं, दोन हळकुंडं काढली, त्यांच्यासमोर मोडली आणि आतला रंग दाखवला. "दाखवा कुठे खोट आहे ती." ते गृहस्थ गडबडून गेले. त्यांना म्हणायचं होतं की यंदा धंद्यात तोटा आहे. त्यांच्याकडे नफा-खोट म्हणजे आपला नफा-तोटा. आपण खोट म्हणतो ती मालातली, नाहीतर माणसातली. वडिलांना लागलेलं मात्र बरेच दिवस गेलं नाही, कारण मालाला नाव ठेवलेलं त्यांना सहन व्हायचं नाही.

आणखी एक, वेचवुं म्हणजे विकणं. आमच्याकडे कापूस वेचतात, भुईमुगाच्या रानात राहिलेल्या शेंगा वेचतात.

नीरवा

मी दादरची, घरी गुजराती, शाळा मराठी. "टॅक्स चुकवलाय" वाचून माझे पप्पा डोळ्यांसमोर आले, कारण ते अगदी असंच बोलतात.

गुजरातीत चूकववुं म्हणजे पैसे देऊन टाकणं. भाडुं चूकवी दीधुं, बिल चूकवी दीधुं, टॅक्स चूकवी दीधो. करचूकवणी म्हणजे कर भरणं. मराठीत करचुकवेगिरी हा गुन्हा. भाईंच्या मुलाने गुजराती वाक्य मनात जुळवलं, शब्द मराठीतही आहे म्हणून तसाच ठेवला, आणि वाक्याचा अर्थ फिरून उलटा झाला. त्याला हे कुणी सांगितलं नसेल तर तो बाहेरही असंच बोलत असेल, तेव्हा प्लीज एकदा प्रेमाने सांगा. मला आठवीत बाईंनी सांगितलं होतं, तोवर मी "फी चुकवली" असं सगळ्यांना सांगत होते.

मराठीतही हिशेब चुकता करतातच, त्यामुळे आम्हाला वाटतं की चुकवणंही चालेल. पण मराठीत चुकता चांगला आणि चुकवणारा वाईट. नजर चुकवणं, काम चुकवणं, कर चुकवणं. हे आम्हा गुजरात्यांना कानाने कळत नाही, सांगावंच लागतं.

आता पाघडी. माझ्या मामेभावाने गुजरातमध्ये कॉमर्स केलं. त्यांच्या अकाउंटच्या पुस्तकात "पाघडीनुं मूल्यांकन" असा अख्खा धडा आहे. तुम्ही मराठी पुस्तकात ज्याला ख्याती म्हणता, इंग्रजीत गुडविल, ती आमची पाघडी. धंद्याची इतक्या वर्षांत बांधलेली अब्रू, तिची किंमत. भागीदार निघतो तेव्हा त्याच्या वाट्याची पाघडी त्याला द्यायची असते. मला वाटतं भाईंनी तेच लिहिलंय. गाळ्याशी त्याचा संबंध नसावा. अर्थात घराची-दुकानाची पागडी आम्हीही पाघडीच म्हणतो, त्यामुळे चिठ्ठीवरची नुसती ती एक ओळ बघून खात्री देता येणार नाही.

चाळीतला भाडेकरू

पागडीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमची खोली ताडदेवला आहे, आजोबांनी पागडी देऊन घेतलेली. आता ती दुसऱ्याला द्यायची तर घरमालक तिसरा हिस्सा मागतोय आणि म्हणतो कायद्यातच आहे. मराठी माणसाने खोली घ्यायची आणि वाटा मालकाने खायचा, हे कुठलं? इथे कुणी वकील आहे का?

तेरीज

भाडेकरू, तुमच्यासाठी खरं तर वेगळा धागा हवा, पण दोन वाक्यांत सांगतो. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी ती चालूच राहिली, म्हणून तर तिच्याभोवती रोखीचा वास राहिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला हक्क सोडताना मोबदला घेण्याची आणि मालकाला भाडेहक्क बदलताना रक्कम घेण्याची मुभा दिली. तिसऱ्या हिश्शाचा आकडा मात्र त्या कलमात नाही, ती बाजारातली रीत आहे. घासाघीस तिथे करा, आणि कागद वकिलाला दाखवा.

वाशीकरीणताई, नीरवा यांचं म्हणणं मलाही बरोबर वाटतं. तपासायचा मार्ग सोपा आहे. जागेची पागडी जागेवरून ठरते: किती फूट, कुठला रस्ता, भाडेपावती कुणाच्या नावावर. धंद्याची पाघडी नफ्यावरून ठरते. मागच्या तीन वर्षांचा नफा काढा, सरासरी करा, आणि २,४०,००० त्या सरासरीच्या कितव्या पटीत बसतात ते बघा. तुमचा भागीदारीचा करार असेल, त्यात किती वर्षांच्या नफ्याइतकी ख्याती धरायची ते बहुतेक लिहिलेलं असतं.

भिवंडीचा ताना

खोटीबद्दल कुणी बोललं नाही. सांगलीकरांनी खोट सांगितली, तिच्या शेजारची खोटी आम्ही रोज ऐकतो. यंत्रमागाचा माल घ्यायला गाडी आली आणि गठ्ठे तयार नसले की शेठ ओरडतो, "गाडी खोटी थाय छे." म्हणजे खोळंबतेय, तिचा वेळ वाया जातोय. मुंबईत आपण टाईम खोटी करणं म्हणतो ते तिथलंच. आमच्याकडे नांदेडहून नवीन आलेला मुनीम "गाडी खोटी आहे" ऐकून गाडीचे कागद तपासायला धावला होता. बिचाऱ्याने नंबरप्लेटचा फोटोही काढून ठेवला.

आणि कुणी "खोटुं न लगाडता" म्हणालं तर खोटं लावू नका असं नाही, वाईट वाटून घेऊ नका एवढंच. वसुलीला गेलं की पहिलं वाक्य हेच असतं.

सांगलीची हळद

पण माझी आजी "धंद्यात खोट आली" असं म्हणायची, आणि तिला गुजरातीचा गंधही नव्हता. तेव्हा तोट्याच्या अर्थाची खोट मराठीतही असणार, आपल्या तोंडातून गेली एवढंच. वडिलांना आजीचं बोलणं त्या दिवशी आठवलं असतं तर पोतं सोडावं लागलं नसतं.

गिरगावकर

पाघडीचं मी चुकीचं सांगितलं, मान्य. गुडविलला पाघडी म्हणतात हे मला माहीत नव्हतं. ताई, काकांच्या संशयाला मी उगीच खतपाणी घातलं, त्याबद्दल माफ करा.

उधारच्या मुळाबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे. उद्धारवरून शब्द आला असेलही, पण दुकानदारीच्या बोलीत तो आपल्याकडे गुजराती-मारवाडी दुकानांतूनच पसरला असणार. खेड्यात आमच्याकडे उसनं म्हणत, उधारी दुकानात गेल्यावरच ऐकू यायची.

तेरीज

उसनं आणि उधार यांत फरक आहे हो. उसनं शेजाऱ्याकडून आणतात, वाटीभर साखर नेली की वाटीभरच परत करतात. उधारी वहीत चढते. दुकानातच ऐकू येणार. त्यावरून ती कुणाची ते ठरत नाही. असो, यात आपलं एकमत व्हायचं नाही.

सिलकीबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण तुमच्या पानावर तो शब्द आहे. आपण शिल्लक कशालाही म्हणतो, भात शिल्लक आहे, माल शिल्लक आहे. पेढीवर सिलक म्हटलं की रोकड, फार तर बँकेतली. एकदा शेठनी संध्याकाळी फोनवर विचारलं, "केटली सिलक छे?" मी गोदामात जाऊन मोजून आलो आणि सांगितलं, "बेचाळीस गाठी." ते काही क्षण गप्प राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "रोकड गण, भाई."

नीरवा

पेढीबद्दलही लिहा ना कुणीतरी. मराठीत पेढी म्हटलं की पतपेढी, सावकाराची पेढी, रक्तपेढी. काहीतरी ठेवायची आणि काढायची जागा. आमच्याकडे कुठलीही व्यापारी फर्म पेढी, कापडाची असो की आंगडियाची. भागीदारी पेढी म्हणजे तुमची भागीदारी संस्था. आणि पिढीलाही पेढीच म्हणतात. "आ अमारी त्रीजी पेढी छे" याचा अर्थ तिसरी पिढी की तिसरं दुकान, हे चेहरा बघून ओळखावं लागतं.

दिवाळीत आणखी एक. आपण सकाळच्या पहिल्या विक्रीला बोहनी म्हणतो, भवानी म्हणतो. आमच्याकडे बोणी म्हणजे तीही, आणि दिवाळीत नोकरांना, पोस्टमनला देतात ते पैसेही. तुम्ही त्याला पोस्त म्हणता. दुकानातला मराठी मुलगा "बोणी झाली का?" विचारतो तेव्हा पप्पांना वाटतं तो दिवाळी मागतोय, आणि ते त्याला खरंच काहीतरी देतात.

वाशीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून सगळं केलं.

आधी रोजमेळ. तेरीजकाकांनी सांगितल्याप्रमाणे रोजची सिलक स्वतः काढून बघितली. अकरा पानं जुळली. बारावं जुळेना, साठ रुपयांचा फरक. तो भाईंच्या बेरजेतला निघाला आणि तेराव्या पानावर त्यांनीच तो दुरुस्त केला आहे. देण्यांची माझी यादी फाडून टाकली. पासबुकात पंधरा हजार त्याच तारखेला जमा आहेत.

मग पाघडी. तीन वर्षांचा नफा २,१०,०००, २,६०,००० आणि २,५०,०००. बेरीज ७,२०,०००, सरासरी २,४०,०००. आकडा बघून क्षणभर वाटलं की एका वर्षाचा नफा मागतायत. मग करार काढला. त्यात सरासरी नफ्याच्या दुप्पट असं लिहिलंय, म्हणजे धंद्याची सगळी ख्याती ४,८०,०००. भाईंचा वाटा निम्मा, म्हणजे तेच २,४०,०००. करारावर सासऱ्यांची सही आहे. ह्यांच्या काकांपुढे मी कागद ठेवला आणि हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण चहा झाल्यावर स्वतःहून म्हणाले, "भाईंना चेकच दे, आणि पावती घे." त्यांना बरं वाटावं म्हणून मी ओळीच्या वर पेन्सिलीने "ख्याती" लिहून ठेवलंय.

भाईंच्या मुलालाही चुकवण्याचा अर्थ सांगितला. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. गेल्याच महिन्यात तो आमच्या सीएच्या ऑफिसात तेच वाक्य बोलून आला होता आणि तिथली मराठी मुलगी त्याच्याकडे का बघत राहिली, ते त्याला आत्ता कळलं.

पण एक नवीन अडलंय. आवरामेळात, वर्षाच्या शेवटच्या पानांवर, एक नोंद आहे: "हवालो ४५,०००", पुढे टेपच्या एका पुरवठादाराचं नाव, आणि बाजू उधारची. हवाला हा शब्द वाचून परत पोटात गोळा आला. आता मी घाई करणार नाही, म्हणून आधी इथे विचारते.

तेरीज

घाबरू नका. गुजराती हिशेबात वर्षअखेरच्या मेळाच्या नोंदींना हवालाच म्हणतात. घसारा लावला तो हवाला, एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात फिरवली तोही हवाला. व्यापारात असंही असतं की एका गिऱ्हाइकाकडून तुम्हाला ४५,००० येणं आहे आणि पुरवठादाराला तेवढंच देणं आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, पैसे परस्पर त्यांना द्या. रोकड तुमच्या गल्ल्यात येतच नाही, तरी दोन्ही खाती हलतात. वर्तमानपत्रात येतो तो हवाला याच शब्दाचा, पण वहीतल्या प्रत्येक हवाल्याला तो रंग नसतो.

बघायचं एवढंच. पुरवठादाराच्या नावे ४५,००० आहेत, तर त्याच तारखेला, तेवढीच रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जमा असली पाहिजे, आणि त्या दिवशीची सिलक या रकमेने हलता कामा नये. दोन्ही पाय सापडले तर ती खात्याखात्यांतली फिरवाफिरव. एकच पाय सापडला तर मात्र इथून मी काही सांगू शकत नाही, भाईंनाच विचारावं लागेल.

गिरगावकर

आणि विचारताना हवाला शब्द तुम्ही वापरू नका. नोंद दाखवा आणि "ही रक्कम कुठून वळवली?" एवढंच विचारा.

नीरवा

उलट मी म्हणेन वापरा. भाईंच्या कानाला तो शब्द वावगा नाही. "आ हवालो शेनो छे?" इतकं सरळ विचारा. तुम्ही त्यांची लिपी शिकलात, याचं त्यांना अप्रूप असेल.

वाशीकरीण

खातेवही पूर्ण चाळली. पुरवठादाराकडचा पाय आहे. त्याच तारखेला ४५,००० जमा असलेलं खातं सापडलं नाही, पण दोन खाती सापडली: एकात ३०,०००, एकात १४,५००. पाचशे कुठे ते दिसत नाही. कसर सोडली असेल का? सिलक त्या दिवशी हललेली नाही, ती दोनदा जुळवून बघितली. भाई गुरुवारी येतायत. नीरवाने लिहिलेलं वाक्य मी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलंय, ते काय सांगतात ते इथे कळवते.